कऱ्हाडचा ‘ऱ्ह’: एक मराठी डोमेन, तीन प्युनीकोड आणि पाच हजार खोकी

पार्श्वभूमी

कऱ्हाड तालुक्यातल्या अकरा गुऱ्हाळमालकांनी मिळून काढलेल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हे प्रकरण. कंपनीचं आणि डोमेनचं नाव मी बदललं आहे. मूळ नावात जी अक्षरं नडली तीच बदललेल्या नावातही ठेवली आहेत, त्यामुळे खालचे सगळे प्युनीकोड या बदललेल्या नावाचे असले तरी घडलं ते अगदी असंच. साताऱ्यात आमचं दोघांचं छोटं काम आहे: वेबसाइट, सर्व्हर आणि डोमेनची देखभाल. कंपनीच्या अध्यक्षांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणेन.

कंपनी बिनरसायनाच्या गुळाची एक किलोची ढेप पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकते. तात्यांची अट एकच होती, खोक्यावर वेबसाइटचं नाव मराठीतच हवं. “आमच्याकडून गूळ नेणारी बाई इंग्रजी स्पेलिंग विचारत बसेल का? कऱ्हाड लिहायला रोमनमध्ये चार तऱ्हा आहेत, मराठीत एकच आहे.” हे मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं. फक्त ‘मराठीत एकच तऱ्हा’ हे डोळ्यांपुरतं खरं आहे. कॉम्प्युटरच्या आत त्या दोन निघाल्या, आणि जुन्या सॉफ्टवेअरने आपली तिसरी काढली.

देवनागरीतलं .भारत हे २०१४ पासून मिळतं, निक्सी ही संस्था ते चालवते. आम्ही घेतलेलं नाव: कऱ्हाडगूळ.भारत.

पहिली अडचण: डीएनएसला मराठी येत नाही

डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, तिच्यात देवनागरी जात नाही. दोन टिंबांमधला नावाचा प्रत्येक तुकडा वेगळा घेऊन त्याचं रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यांतच रूपांतर होतं, आणि पुढे `xn--` लागतं. या रूपांतराची पद्धत म्हणजे प्युनीकोड. ब्राउझरच्या पट्टीत आपल्याला मराठी दिसतं, पण ब्राउझरने डीएनएसला विचारलेलं नाव, सर्व्हरला पाठवलेलं नाव आणि सर्टिफिकेटमध्ये ताडून पाहिलेलं नाव, ही तिन्ही `xn--` वालीच असतात. आमच्या डोमेनचं हे रूप:

```
कऱ्हाडगूळ.भारत
xn--11be3a4dm7a9a8a8f.xn--h2brj9c
```

हे माहीत असूनही सुरुवातीला दोनदा ठेच लागली. पहिली लगेच कळली. सर्टिफिकेट मिळवून देणाऱ्या सर्टबॉटला मराठी नाव देऊन पाहिलं, तर त्याने सरळ नकार दिला:

```
Non-ASCII domain names not supported. To issue for an Internationalized Domain Name, use Punycode.
```

प्युनीकोड दिल्यावर सर्टिफिकेट मिळालं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या `server_name` मध्येही तेच रूप लिहावं लागतं. तिथे देवनागरी लिहिली, तर येणाऱ्या विनंतीतलं नाव जुळत नाही आणि पाहुणा त्या सर्व्हरवरच्या पहिल्या, म्हणजे कुणा भलत्याच गिऱ्हाइकाच्या साइटवर जाऊन पडतो.

दुसरी ठेच गुपचूप लागली. रोजचा भाव दाखवायला तात्यांना दर.कऱ्हाडगूळ.भारत असं उपडोमेन हवं होतं. डोमेनच्या डीएनएस नोंदी ज्यात असतात त्या झोन फाइलमध्ये माझ्या सहकाऱ्याने ‘दर’ मराठीतच लिहिलं आणि समोर सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं रेकॉर्ड टाकलं. फाइल तपासणीत पास झाली, सर्व्हरने ती उचलली, कुठे लाल अक्षर दिसलं नाही. नाव मात्र उघडेना. झोन फाइल सर्व्हरच्या नजरेने छापून घेतली तेव्हा कारण दिसलं:

```
named-checkzone -D xn--11be3a4dm7a9a8a8f.xn--h2brj9c gul.zone

\224\164\166\224\164\176.xn--11be3a4dm7a9a8a8f.xn--h2brj9c. 3600 IN CNAME ...
```

बाइंड या आमच्या डीएनएस सर्व्हरने ‘दर’चं प्युनीकोड केलंच नव्हतं. द आणि र यांचे यूटीएफ-८ मधले तीन-तीन बाइट त्याने जसेच्या तसे नाव म्हणून ठेवले. ब्राउझर विचारतो `xn--j2bu`, फाइलमध्ये आहेत ते सहा बाइट, मग गाठ पडणार कशी? तिथे सीनेमऐवजी थेट सर्व्हरचा पत्ता देणारं ए रेकॉर्ड असतं तर तपासणीतच `bad owner name (check-names)` असा आक्षेप निघाला असता, कारण ए, एएएए आणि एमएक्स रेकॉर्डच्या मालक-नावांची अक्षरं बाइंड तपासतो. सीनेम आणि टीएक्सटीची तपासत नाही. डीएनएसवरून पडताळणी करून सर्टिफिकेट घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण `_acme-challenge` चं रेकॉर्ड टीएक्सटीच असतं. तिथे मराठी नाव लिहिलं तर तक्रार कुणीच करणार नाही, पडताळणी मात्र होणार नाही.

ओळ बदलून `xn--j2bu` केली आणि उपडोमेन सुरू झालं. रूपांतर आमचं आम्हीच करायचं आणि सगळीकडे `xn--` च लिहायचं, असा नियम आम्ही त्या दिवशी घालून घेतला. तो आमच्या दोघांच्या टेबलापुरता होता. छापखान्यापर्यंत तो पोचवला नाही, आणि खरं नुकसान तिथेच झालं.

खरी अडचण: खोक्यावरचा क्यूआर कोड

खोक्याच्या पहिल्या नमुन्यावरचा क्यूआर कोड मी दिला होता आणि तो चालत होता. नंतर खोक्याची मापं बदलली. छापखान्यातल्या डीटीपी करणाऱ्याने कोड नव्या मापात बसवण्यासाठी नव्याने बनवला, आणि त्यासाठी पत्ता त्याच्याच फाइलमधून, खोक्यावर छापायच्या मजकुरातून उचलला. तो मजकूर त्याने जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केला होता आणि कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला होता. दिसायला सगळं बरोबर. तात्यांनी, मी आणि कंपनीच्या सचिवांनी शुद्धलेखन तीनदा वाचलं. त्या नव्या प्रुफावरचा कोड मात्र तिघांपैकी एकानेही फोनने स्कॅन केला नाही. पाच हजार खोकी छापून झाली.

दिवाळीनंतर पुण्याहून एका दुकानदाराचा फोन आला, कोड स्कॅन केला तर साइट सापडत नाही म्हणतोय. मी माझ्या फोनवर मराठीत पत्ता टाइप केला आणि साइट उघडली. दोन दिवस मी त्यांच्या नेटवर्कला दोष देत राहिलो. आमच्या सर्व्हरच्या नोंदींत एकही फसलेली भेट नव्हती, त्यामुळे माझी खात्री आणखीच वाढली. ही चूक इथे मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. जे नाव नोंदलेलंच नाही, त्याची चौकशी .भारतच्या सर्व्हरपाशीच संपते. ती आपल्या सर्व्हरपर्यंत येतच नाही, मग आपल्या नोंदींत तिचा मागमूस राहील कसा? नोंदी स्वच्छ असण्याला या प्रकारात काहीच अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानदाराने दोन फोनांचे स्क्रीनशॉट पाठवले. एक नवा फोन, एक बरीच वर्षं अपडेट न झालेला. दोन्हीकडे ‘साइट सापडली नाही’, पण त्याखाली छापलेली नावं वेगवेगळी:

```
नवा फोन:   xn--11be3a0dr7a9a8a8fu520a.xn--h2brj9c
जुना फोन:  xn--11be3a0dr7a9a8a8f.xn--h2brj9c
आमचं नाव:  xn--11be3a4dm7a9a8a8f.xn--h2brj9c
```

एकाच कोडमधून दोन नावं, आणि त्यातलं एकही आमचं नाही.

कारण कुठे होतं

छापखान्याची फाइल मागवली. त्यातला पत्ता आणि आमचा पत्ता शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्याला तसूभर फरक दिसेना. मग दोन्ही नावं कोडपॉइंटांत, म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या युनिकोड क्रमांकांत, फोडली:

```
python3 -c 'import sys; print(*("U+%04X" % ord(c) for c in sys.argv[1]))' "कऱ्हाडगूळ"

आमचं:  U+0915 U+0931 U+094D U+0939 U+093E U+0921 U+0917 U+0942 U+0933
खोकं:  U+0915 U+0930 U+094D U+200D U+0939 U+093E U+0921 U+0917 U+0942 U+0933
```

कऱ्हाडमधला अर्धा र बघा. तो ‘सूर्य’ किंवा ‘कर्म’मधल्यासारखा रफार होऊन डोक्यावर चढत नाही, तर ह च्या डाव्या अंगाला आडवा टेकतो. गुऱ्हाळ, शेतकऱ्यांचा, साताऱ्यात, वऱ्हाड, तऱ्हा, सगळीकडे तोच. रोजच्या मराठीला तो लागतोच, हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीवर तपासलेल्या साधनांत ही खोच कुणाच्या नजरेला पडत नाही. युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही मान्य आहेत. एक, नुक्त्याचा ऱ (`U+0931`) आणि पुढे हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर `U+200D`, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर: ज्याला रुंदी नाही, शाई नाही, पण ‘इथे रफार करू नकोस, अर्धं रूप ठेव’ असं फॉन्टला सांगणारं जोडचिन्ह. छापखान्याच्या कन्व्हर्टरने दुसरी रीत वापरली होती. चांगला फॉन्ट दोन्ही सारखंच रेखतो. प्युनीकोड मात्र कोडपॉइंटांवर चालतं, त्याला आकार दिसत नाही.

इथे एक समजूत दूर करायला हवी, माझीही होती. नाव रूपांतराआधी युनिकोडच्या प्रमाण रूपात आणलं जातं, तेव्हा दोन्ही रीती आपोआप एक होतील असं मला वाटत होतं. र आणि सुटा नुक्ता असं कुणी टाइप केलं तर ते खरंच ऱ मध्ये विलीन होतं. पण र, हलन्त आणि जोडचिन्ह या जुळणीचं ऱ शी असं कोणतंही प्रमाण नातं नाही. त्या दोन जुळण्या शेवटपर्यंत वेगळ्याच राहतात.

मग दोन फोनांवर दोन नावं का? आंतरराष्ट्रीय डोमेनांचे नियम एकदा २००३ मध्ये आले आणि २०१० मध्ये पुन्हा लिहिले गेले. पहिल्या नियमांत हे जोडचिन्ह बिनकामाचं समजून सरळ गाळलं जायचं. ते गाळलं की र-हलन्त-ह उरतं आणि त्याचा होतो ‘कर्हाडगूळ’, रफारवाला, निराळाच शब्द. दुसऱ्या नियमांत जोडचिन्ह हलन्तामागोमाग आलं असेल तर ते राखलं जातं. जुन्या ब्राउझरांनी गाळण्याची रीत बराच काळ चालू ठेवली होती. क्रोमने ती २०२३ मध्ये, ११० व्या आवृत्तीपासून सोडली. म्हणून न अपडेट झालेला फोन रफारवाल्या नावाकडे गेला आणि नवा फोन जोडचिन्हवाल्या नावाकडे. नावांतही हे दिसतं. जोडचिन्हवालं नाव म्हणजे रफारवाल्या नावाच्या शेवटाला जोडलेलं `u520a`. तेवढी शेपटी त्या एका अदृश्य चिन्हाची आहे.

स्क्रीनशॉट आल्यावरही माझी दिशाभूल लांबायला आणखी एक कारण होतं. खोक्यावरचा पत्ता मी पायथॉनच्या अंगच्या `idna` रूपांतरातून काढून पाहिला होता. ते रूपांतर अजून २००३ च्या नियमांवर चालतं, जोडचिन्ह गाळतं. त्यामुळे मला शेपटीविना नाव मिळालं, आणि पुण्याच्या नव्या फोनवर शेपटीचं दिसत होतं. `idn2` या आदेशाने तोच मजकूर काढला तेव्हा फोनसारखंच उत्तर आलं. एकाच मजकुराला दोन साधनं दोन प्युनीकोड देत असतील, तर साधन बिघडलंय म्हणण्याआधी त्या मजकुरात `U+200D` किंवा त्याचा भाऊ `U+200C` शोधावा.

समोर असलेले पर्याय

तोवर अठराशेच्या आसपास खोकी दुकानांत गेली होती, बत्तीसशे गोदामात होती. हंगाम नुकता सुरू झालेला. तात्यांच्या ओसरीवर आम्ही चार मार्ग मांडले.

सगळ्यांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे उरलेली दोन्ही नावं विकत घ्यायची आणि आमच्या नावाकडे वळवायची. असं झालं असतं तर विकली गेलेली खोकीही दुरुस्त झाली असती. पण आमच्या नोंदणीदाराच्या फॉर्मने जोडचिन्हवालं नाव घेतलंच नाही. रफारवालं घेतलं. म्हणजे जुने फोन वाचणार, नवे तसेच राहणार. वर्षाची फी आणि एका नावाची कायमची देखभाल घालून अर्धा इलाज.

दुसरा, खोकी पुन्हा छापायची. खर्च तात्यांना झेपणारा नव्हता, आणि छापलेलं नाव वाचणाऱ्याला तर बरोबरच होतं, चूक फक्त कोडमध्ये होती.

तिसरा, कोडवर नवा कोड चिकटवायचा. गोदामातल्या खोक्यांना हे जमणार होतं. प्रश्न एवढाच की नव्या कोडमध्ये पत्ता कोणत्या रूपात घालायचा.

चौथा, मराठी नाव सोडून रोमन नावावर जायचं. छापखान्याच्या मालकांनी हेच सुचवलं. तात्या काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून मीच तो विषय बाजूला ठेवला. नाव चुकलं नव्हतं, ते हाताळण्यात आम्ही चुकलो होतो.

काय ठरवलं आणि काय केलं

तिसरा मार्ग मुख्य, पहिला अर्धा जोडीला.

नव्या कोडमध्ये मराठी घालायचं की प्युनीकोड, यावर आमच्या दोघांत बराच वाद झाला. सहकाऱ्याचं म्हणणं, स्कॅन केल्यावर फोन आधी पत्ता दाखवतो, तिथे `xn--` ने सुरू होणारी अक्षरांची खिचडी दिसली तर माणूस फसवणूक समजून मागे फिरेल. त्याचं खरं होतं. माझं म्हणणं, मराठी घातलं तर पुन्हा कुणाच्या तरी कन्व्हर्टरवर विसंबावं लागणार, आणि स्कॅन करणारं प्रत्येक ॲप ते मराठी नीट वाचून नीट रूपांतर करील याची हमी आपल्याला देता येत नाही. शेवटी प्युनीकोड घेतलं. पारडं जड केलं ते एका व्यावहारिक गोष्टीने. डोमेन नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो, म्हणून पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिता येतो:

```
HTTPS://XN--11BE3A4DM7A9A8A8F.XN--H2BRJ9C/
```

क्यूआर कोडमध्ये आकडे, मोठी रोमन अक्षरं आणि थोडी चिन्हं यांसाठी एक काटकसरीची पद्धत असते, तिच्यात हा पत्ता पूर्ण बसतो. देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला मात्र तीन बाइट लागतात. मध्यम दुरुस्ती-पातळी धरली तर मराठी पत्त्याला ३३ बाय ३३ घरांचा कोड लागत होता, प्युनीकोडचा २९ बाय २९ मध्ये बसला. चिकटपट्टी लहान होती आणि पुठ्ठा खडबडीत, तेव्हा घरं जितकी मोठी तितकं बरं. कोडखाली मोठ्या मराठी अक्षरांत नाव छापलं, की फोनवरची खिचडी पाहून बिचकणाऱ्याला निदान खोक्यावर ओळखीचं काही दिसावं.

रफारवालं नाव विकत घेतलं, त्याचं ए रेकॉर्ड आमच्या सर्व्हरकडे लावलं, एनजिनएक्समध्ये ते खऱ्या नावाकडे वळवलं आणि काम झालं असं समजलो. दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या फोनवर सापडत नाहीऐवजी लाल पडदा आला: `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID`. जुन्या कोडमधला पत्ता `https` ने सुरू होत होता. ब्राउझर आधी सर्टिफिकेट पाहतो, त्यात आपण मागितलेलं नाव आहे का ते ताडतो, आणि जुळलं तरच पुढचं बोलणं ऐकतो. ‘इकडे नको, तिकडे जा’ हा निरोपही त्या बोलण्याचाच भाग आहे. म्हणून जे नाव फक्त वळवण्यापुरतं आहे, तेही सर्टिफिकेटमध्ये असावंच लागतं. दिसायला ही दोन्ही नावं भावंडं असली, तरी सर्टिफिकेटच्या लेखी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

```
certbot --nginx --expand \
  -d xn--11be3a4dm7a9a8a8f.xn--h2brj9c \
  -d xn--j2bu.xn--11be3a4dm7a9a8a8f.xn--h2brj9c \
  -d xn--11be3a0dr7a9a8a8f.xn--h2brj9c
```

इथे क्रम सांभाळावा लागतो. सर्टिफिकेट देणारी संस्था प्रत्येक नावावर स्वतः येऊन खात्री करते, म्हणून आधी डीएनएस लागू व्हायला हवं, मगच हा आदेश. झाल्यावर सर्टिफिकेटमध्ये कोणती नावं आहेत ते उघडून पाहिलं:

```
openssl x509 -in fullchain.pem -noout -ext subjectAltName
```

तिथेही सगळं `xn--` मध्येच दिसतं. आमच्या दोन नावांत फरक `4dm` आणि `0dr` एवढाच. सहा महिन्यांनी नूतनीकरण अडलं तर यातलं कुठलं कुठलं, हे कुणाला आठवणार? म्हणून एनजिनएक्सच्या आणि झोनच्या फाइलींत प्रत्येक नावाच्या वर एक टीप लिहिली: मराठी नाव, त्याचे कोडपॉइंट आणि ते नाव का ठेवलंय याचं एक वाक्य.

निष्पन्न काय झालं

गोदामातल्या बत्तीसशे खोक्यांवर नवे कोड चिकटवायला गुऱ्हाळावरच्या बायकांना दोन दिवस लागले. चिकटपट्टीचा आणि मजुरीचा खर्च आम्ही आणि छापखान्याने निम्मा-निम्मा उचलला. छापखान्याचे मालक आधी तयार नव्हते, “मजकूर तर तुम्हीच पास केला” म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. शेवटी दोन्ही फाइलींचे कोडपॉइंट त्यांच्या समोर ठेवले आणि मजकूर आम्ही पाहिला, कोड कुणीच पाहिला नाही, असं दोघांनी कबूल केलं.

आधीच विकल्या गेलेल्या अठराशे खोक्यांवरचा कोड नव्या फोनांवर कधीच चालणार नाही. जुन्या फोनांवर आता चालतो. रफारवाल्या नावावरून वळून येणाऱ्या भेटी नोंदींत दिसतात, थोड्याच, पण त्या प्रत्येकामागे ते खोकं हातात धरलेला माणूस आहे. नव्या फोनवाले किती परत फिरले ते आम्हाला कळायला मार्ग नाही, कारण त्यांचा प्रश्न आमच्यापर्यंत येतच नाही.

ईमेल आणि पैसे स्वीकारण्याच्या सेवेसाठी आम्ही रोमन अक्षरांतलं एक .in नाव घेतलं. मराठी डोमेनवर मेल चालतो, एमएक्स रेकॉर्ड `xn--` नावावर लावलं की झालं. पण कंपनीला जिथे जिथे अर्ज भरावे लागतात तिथले रकाने मराठी नाव घेत नाहीत, आणि काही तर `xn--` वाला पत्ताही ‘अवैध’ म्हणून परत करतात. गिऱ्हाइकाला दिसणारं सगळं मराठीत आणि कागदपत्रांसाठी रोमन, अशी वाटणी तात्यांनी मान्य केली.

आज असतो तर वेगळं काय केलं असतं

नाव निवडण्याच्या दिवशीच मी त्याचे कोडपॉइंट लिहून काढले असते आणि ज्या शब्दात ऱ्य किंवा ऱ्ह आहे तिथे थांबलो असतो. नाव बदला असं म्हटलं नसतं, कारण कऱ्हाडला कऱ्हाडच म्हणायचं. पण रफारवालं नाव पहिल्याच दिवशी घेतलं असतं, आणि जोडचिन्हवालं नाव मिळत नाही हे खोकी छापण्याआधी कळलं असतं.

छापखान्याला पत्ता मजकूर म्हणून दिलाच नसता. क्यूआर कोड तयार चित्र म्हणून द्यायचा, कितीही मोठा करता येईल अशा फाइलमध्ये, आणि ‘हा नव्याने बनवू नये’ असं सोबत लिहून. प्रुफावरचा कोड दोन फोनांनी, एक नवा आणि एक जुना, स्कॅन करायचा आणि साइट उघडली का एवढ्यावर न थांबता फोनने दाखवलेलं `xn--` नाव नोंदलेल्या नावाशी अक्षर-अक्षर ताडायचं. मराठी रूप ताडून काही कळत नाही, ते आम्ही तिघांनी तीनदा करून पाहिलं होतं.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे ओढतं. कोडमध्ये प्युनीकोड घातल्याने चूक टळली, पण तात्यांच्या मूळ हट्टाला थोडी मुरड पडली. परवा त्यांनी विचारलं, फोनवर ते इंग्रजी जंजाळ दिसतं ते जाईल का? पुढच्या हंगामाच्या खोक्यांसाठी आम्ही मराठी पत्त्याचा, ऱ ने लिहिलेला, एक कोडही बनवून ठेवला आहे. कऱ्हाडच्या गुरुवारच्या बाजारात जेवढे फोन हाताला लागतील तेवढ्यांवर दोन्ही कोड लावून बघायचे ठरलंय. आणखी एक गोष्ट शिल्लक आहे. तात्यांच्या नातीने शाळेच्या वहीत पत्ता लिहिला तो कऱ्हाडगुळ असा, ऱ्हस्व गु ने. ते पुन्हा वेगळंच डोमेन. ते घ्यायचं की नाही, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं आहे.